इनस्क्रिप्ट घरच्या घरी: मराठी टंकलेखन न बघता, ३० च्या वेगापर्यंत

माझी भाची गेल्या वर्षी लिपिक भरतीच्या तयारीसाठी पुण्यात आली. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसभर बसायची आणि संध्याकाळी माझ्याकडे जेवायला यायची. एकदा तिला सहज विचारलं, "टायपिंगचं काय?" ती म्हणाली, "मावशी, मराठी टायपिंग मला येतंच की. मोबाइलवर रोज करते." माझ्या संगणकावर बसवलं, तर तिने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला सुरुवात केली. 'aahe' लिहिलं की 'आहे' उमटतं, ती पद्धत. घरी निरोप लिहायला ती उत्तम आहे. पण तिच्यात सॉफ्टवेअर शब्द ओळखून देतं, बोटं मराठी शिकत नाहीत. परीक्षेच्या संगणकावर ती सोय मिळेलच असं नाही, आणि अनोळखी नाव किंवा गावाचं नाव आलं की सॉफ्टवेअर वेगळाच शब्द सुचवतं.

मी पुण्यातल्या एका कार्यालयात बरीच वर्षं टंकलेखनाचं काम केलं आहे. भाचीला जे शिकवलं तेच इथे क्रमाने लिहिते. क्लास लावायला पैसे किंवा वेळ नाही, पण एक साधा संगणक हाताशी आहे आणि रोज दीड तास देता येतो, अशा उमेदवाराला समोर ठेवून हे लिहिलं आहे.

आधी जाहिरात, मग कीबोर्ड

राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द लागतो. त्याचं शासकीय प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेतून मिळतं. परिषदेचं कार्यालय पुण्यातच आहे, कॅम्पात लाल देवळासमोर. या परीक्षेचा अर्ज टंकलेखन संस्थेमार्फत भरला जातो. म्हणजे घरी शिकून बोटं तयार होतात, पण कागद हवा असेल तर शेवटी संस्थेत जावंच लागतं. आधी बोटं तयार करून गेलात तर तिथला वेळ सगळा सरावाला मिळतो.

मराठीसाठी मुख्यतः दोन मांडण्या चालतात. रेमिंग्टन ही जुन्या टाइपरायटरची मांडणी. तिच्यात अक्षर डोळ्यांना दिसतं तसं टाइप करायचं. अर्धा क वेगळा, अर्धा त वेगळा, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, कारण ती डावीकडे दिसते. इनस्क्रिप्ट ही संगणकासाठी आखलेली मांडणी. भारतीय लिप्यांच्या १९९१ च्या प्रमाणकात ती आहे, आणि विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की ती आपोआप येते. तिच्यात अक्षर उच्चारतो त्या क्रमाने टाइप करायचं.

आपल्या जाहिरातीत किंवा संस्थेत कोणती मांडणी चालते ते पहिल्या दिवशीच विचारून घ्या. दोन्ही चालत असतील आणि तुम्ही कोऱ्या पाटीने सुरू करत असाल, तर इनस्क्रिप्ट घ्या. एकटं शिकणाऱ्याला तिच्यात चुकलेलं लगेच कळतं, आणि कोणत्याही कार्यालयातल्या संगणकावर वेगळा फॉन्ट न टाकता ती चालते. दोन्ही मात्र एकाच वेळी शिकू नका. एकीचा हात दुसरीत घुसतो आणि तो काढायला महिने जातात.

विंडोज ११ मध्ये ती अशी जोडायची:

```
Settings > Time & language > Language & region
Add a language > मराठी
```

यादीत Marathi Phonetic नावाचाही कीबोर्ड दिसेल. तो इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याचा, तो काढून टाका. भाषा बदलायला विंडोजची कळ धरून स्पेस दाबा. जमलं की नोटपॅड उघडा आणि J दाबा. 'र' उमटला तर काम झालं.

मांडणीतली युक्ती

इनस्क्रिप्टचा तक्ता पहिल्यांदा बघताना माणूस घाबरतो. पण तो घोकायचा नाही, समजून घ्यायचा आहे.

```
Q ौ  W ै  E ा  R ी  T ू  |  Y ब  U ह  I ग  O द  P ज  [ ड
A ो  S े  D ्  F ि  G ु  |  H प  J र  K क  L त  ; च  ' ट
     X ं  C म  V न  B व  |  N ल  M स              / य
```

डावा हात स्वरांचा, उजवा व्यंजनांचा. मराठी अक्षर म्हणजे बहुतेक वेळा व्यंजन आणि त्यावर स्वर, त्यामुळे हात आळीपाळीने पडतात: उजवा, डावा, उजवा, डावा. ढोलकीचा हात बसतो तशी ही लय बसते. म, न, व आणि अनुस्वार मात्र डाव्या हाताच्या खालच्या ओळीत आहेत. पुढे अडचण नेमकी तिथेच येते, तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

शिफ्टचा नियमही सोपा आहे. मात्रेवर शिफ्ट दाबली की तोच स्वर पूर्ण मिळतो: ा चा आ, ी चा ई, े चा ए. व्यंजनावर शिफ्ट दाबली की त्याचं जड रूप मिळतं: क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध, प चा फ, ब चा भ, ज चा झ, च चा छ, ट चा ठ, ड चा ढ. वेगळे लक्षात ठेवायचे ते थोडेच. म वर शिफ्ट म्हणजे ण, ल वर ळ, स वर श, स्वल्पविरामाच्या कळीवर ष आणि D वर अ. र वर शिफ्ट दाबली की ऱ येतो. मराठी कार्यालयात या ऱ ला मोठं महत्त्व आहे.

D वरचं चिन्ह हे हलन्त, म्हणजे पाय मोडण्याची खूण. सगळी जोडाक्षरं त्याच्यातून होतात. क, मग D, मग त, झाला 'क्त'. अर्ध्या अक्षरांसाठी वेगळी कळ शोधायची नाही.

बोटं कुठे आणि डोळे कुठे

F आणि J या कळांवर बोटाला लागेल असा बारीक उंचवटा असतो. त्यावर दोन्ही तर्जन्या ठेवायच्या. डाव्या हाताची बोटं A, S, D, F वर, उजव्याची J, K, L आणि ; वर. अंगठा स्पेसवर. प्रत्येक बोट आपल्या कळीवरून थोडं वर-खाली जाऊन काम करतं आणि परत आपल्या जागी येतं. तर्जनीला दोन उभ्या रांगा सांभाळाव्या लागतात: डावीला F आणि G च्या, उजवीला J आणि H च्या. V आणि B डाव्या तर्जनीचे, N आणि M उजवीचे.

कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावू नका. मी शिकत होते तेव्हा ते लावले होते आणि दोन महिने वेग १८ च्या पुढे गेला नाही, कारण प्रत्येक शब्दाला डोळे खाली जात होते. स्टिकर काढले त्या आठवड्यात वेग आणखी घसरला, आणि त्यानंतर मात्र वाढत गेला. वरचा तक्ता मोठ्या अक्षरांत छापून स्क्रीनच्या शेजारी चिकटवा. अक्षर आठवलं नाही तर समोर बघा, खाली नाही.

शिफ्टही सुरुवातीपासून नीट धरा. अक्षर ज्या हाताचं, त्याच्या विरुद्ध हाताच्या करंगळीने शिफ्ट. 'आ' डाव्या हाताचा, म्हणून शिफ्ट उजवी. 'ख' उजव्या हाताचा, म्हणून शिफ्ट डावी. घरी शिकणाऱ्या बहुतेकांना डाव्या शिफ्टची सवय लागते. मग 'आणि' हा शब्द टाइप करताना डावा पंजा वेडावाकडा होतो, कारण आ आणि ण दोन्ही डाव्या हाताचेच आहेत.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात फक्त मधली ओळ. अर्थ नसलेली अक्षरं घोकण्यापेक्षा शब्द घ्या. मधल्या ओळीतच पुरेसे शब्द निघतात: पोट, रोप, चोर, टोक, पोपट, कोपर, कुरकुर, पुरते. आणि हलन्तही याच ओळीत असल्यामुळे जोडाक्षरं पहिल्याच आठवड्यात येतात: पत्र, चित्र, चक्र, रक्त, रिक्त. भाचीने तिसऱ्या दिवशी स्क्रीनकडे बघून 'पत्र' आणि 'रिक्त' हे दोन शब्द टाइप केले. ज्या पदासाठी अर्ज करायचा त्याच्याच जाहिरातीतले शब्द आले म्हणून तिला फार आनंद झाला.

एक शब्द एका ओळीत दहा वेळा, असे दहा शब्द. घाई नको. प्रत्येक कळ सारख्या अंतराने पडली पाहिजे. मोबाइलवर मेट्रोनोम लावून एका ठोक्याला एक कळ असा सराव केला तर फार फरक पडतो. मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरुवात करा. चूक झाली तर त्या ओळीपुरता बॅकस्पेस वापरू नका, पुढे जा. ओळ संपल्यावर चुका मोजा. दहा शब्दांत एकापेक्षा जास्त चूक असेल तर तोच वेग, तीच ओळ पुन्हा.

दुसऱ्या आठवड्यात वरची ओळ मिळवा: पगार, हजर, गैरहजर, हजेरी, जागा, बाब. तिसऱ्यात खालची: मंजूर, विनंती, सेवा, मान्यता, नमूद, लिपिक. चौथ्यात शिफ्टची अक्षरं: अर्ज, आणि, आहे, शासन, आदेश, धारक, भरती, खाते, वेळ, विषय. रोज पंचेचाळीस मिनिटांच्या दोन बैठका पुरतात. सलग दीड तास बसू नका. पाऊण तासानंतर बोटं दमतात आणि चुकीची हालचालच पक्की होत जाते.

या काळात स्क्रीनवर एक गोष्ट वरचेवर दिसेल: ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला चिकटलेली वेलांटी. ते दिसलं की समजायचं, वेलांटी व्यंजनाच्या आधी दाबली गेली. 'लिपिक' लिहिताना हात सवयीने आधी F वर जातो, कारण वहीत आपण वेलांटी आधी काढतो. इनस्क्रिप्टमध्ये ल, ि, प, ि, क असा बोलण्याचा क्रम. वर्तुळ दिसलं की शब्द पूर्ण खोडून पुन्हा लिहा, म्हणजे हाताला योग्य क्रम लागतो.

खोडण्याचीही एक गंमत माहीत असू द्या. विंडोजमध्ये बॅकस्पेस एका वेळी एकच घटक खोडतो. 'क्त' मधला त गेला तरी क् उरतो. डिलीट कळ मात्र पुढचं अख्खं जोडाक्षर उडवते. 'क्त' चा 'क्य' करायचा असेल तर एकदाच बॅकस्पेस आणि मग य. हे माहीत नसलं की माणूस तीन-चार वेळा बॅकस्पेस दाबून शेजारचं अक्षरही घालवतो.

र ची चार रूपं

माझ्या मते मराठी टंकलेखन खरं कळतं ते इथे, म्हणून हा भाग घाईने सोडू नका. र आधी उच्चारला तर रफार होतो, नंतर उच्चारला तर पोटात तिरकी रेघ येते. कळा त्याच उच्चाराच्या क्रमाने:

```
अर्ज    Shift+D  J  D  P
प्रत    H  D  J  L
```

'अर्ज' मध्ये रफार ज च्या डोक्यावर दिसतो, पण आपण र आधी म्हणतो, म्हणून J D आधी. 'विद्यार्थी' लिहितानाही र् आधी, मग थ. वहीत रफार शेवटी देतात, त्या सवयीने अनेक जण 'थी' झाल्यावर र शोधत बसतात. ट च्या पोटात र आला की त्याचं रूप बदलून खाली छत्रीसारखं चिन्ह दिसतं, जसं 'राष्ट्र' मध्ये. पण कळा त्याच: ट, D, र. दिसण्यात फरक असला तरी बोटांना तिसरं काही शिकायचं नाही.

चौथं रूप मराठीचं खास. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. दोन्हींत र् आणि य, पण उच्चारात आघात वेगळा आणि लिहिण्यात रूप वेगळं. दुसऱ्यासाठी शिफ्टचा ऱ लागतो:

```
दर्या    O  J  D  /  E
दऱ्या    O  Shift+J  D  /  E
```

कार्यालयात हे रोज लागतं. अधिकारी, कर्मचारी, शेतकरी या शब्दांना प्रत्यय लागला की अधिकाऱ्यांना, कर्मचाऱ्यांच्या, शेतकऱ्यांसाठी अशी रूपं होतात. साधा र वापरला तर 'अधिकार्यांना' असं रफाराचं रूप उमटतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं. छापील पत्रांत आणि पाट्यांवर ही चूक किती दिसते ते एकदा लक्ष देऊन बघा. ओळखायची खूण सोपी: 'री' किंवा 'रा' ने संपणाऱ्या मराठी शब्दाचं सामान्यरूप असेल तर ऱ, आणि कार्य, सूर्य, आचार्य असे मुळातच र्य असलेले संस्कृत शब्द असतील तर र. 'कऱ्हाड' आणि 'गुऱ्हाळ' मध्येही ऱ च.

दोन्ही रूपं एकाच ओळीत आणणारे शब्द सरावाला घ्या: 'जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात'. आधीच्या शब्दात ऱ, पुढच्यात र. ही ओळ न बघता, न थांबता पाच वेळा बिनचूक आली की र तुमच्या हातात आला.

असाच दुसरा सापळा द्ध चा. शुद्ध, पद्धत, सिद्ध, प्रसिद्ध यांत आधी द, मग ध. 'पध्दत' हे चुकीचं रूप आहे, पण जुन्या फॉन्टच्या काळापासून कार्यालयांत सर्रास लिहिलं जातं. इनस्क्रिप्टमध्ये द, D, मग शिफ्ट-द. दोन्ही एकाच कळीवर आहेत, त्यामुळे आधी हलका हात, मग शिफ्टचा.

मधलं बोट आणि अडलेला वेग

दहाव्या आठवड्यात भाचीचा वेग २४ वर अडकला. आठ दिवस तिथेच. ती म्हणाली, "बोटं याहून जोरात पळतच नाहीत गं मावशी." मी तिला वेग विसरून एक काम करायला सांगितलं. प्रत्येक उताऱ्यानंतर चुकलेला किंवा अडलेला शब्द वहीत लिहायचा आणि त्यातली अडलेली जोडी अधोरेखित करायची. चार दिवसांनी वही उघडली तर पान भरून माझा, माहिती, मागणी, सामान्य, जन्म, मान्य, महामंडळ.

सगळ्यात एकच दुखणं. डाव्या हाताच्या मधल्या बोटावर ा, हलन्त आणि म हे तिन्ही आहेत, E, D आणि C वर. मराठीत ही तिन्ही चिन्हं सतत लागतात. 'मा' लिहिताना तेच बोट खालच्या ओळीतून उडी मारून वरच्या ओळीत जातं आणि मधे हात बदलत नाही. 'न्म' मध्ये D वरून C वर. हात आळीपाळीने पडण्याची लय तिथे तुटते.

काही जण यावर उपाय म्हणून म तर्जनीने घेतात. त्याने 'मा' मोकळा होतो खरा, पण मग मन, मनात, नमूद, विनम्र या शब्दांत म आणि न दोन्ही एकाच तर्जनीवर येतात आणि अडचण फक्त जागा बदलते. मी म मधल्या बोटावरच ठेवा असं सांगते, आणि 'मा' साठी वेगळा सराव करा. मेट्रोनोमवर मिनिटाला ८० ठोके, आणि फक्त ही ओळ: मान माप माल मागे मामा माझा मागणी माहिती मान्य सामान. उडी मारताना मनगट हलवायचं नाही, बोट वर खेचायचं. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. ठोका वाढवत १४० पर्यंत नेला.

उजव्या करंगळीवरही असाच भार आहे: च, ट, ज, ड आणि य सगळे तिचेच. मराठीत 'च्या' शिवाय वाक्य पुढे सरकत नाही, आणि त्यात च आणि य दोन्ही करंगळीचे. त्यामुळे प्रत्यय सुटे अक्षर म्हणून नाही, एक तुकडा म्हणून शिकवा हाताला:

```
च्या     ;  D  /  E
ण्यात    Shift+C  D  /  E  L
मध्ये    C  Shift+O  D  /  S
```

'करण्यात', 'देण्यात', 'कळविण्यात', 'घेण्यात' या शब्दांची शेपटी एकच आहे. शेपटी एका झटक्यात पडायला लागली की कार्यालयीन मराठीचा मोठा भाग आपोआप वेगात येतो. भाची बाराव्या आठवड्याच्या शेवटी ३१ वर पोचली. तिने नवीन काही शिकलं नव्हतं, फक्त 'मा' आणि 'च्या' सुटले होते.

वेग मोजायचा कसा

३० शब्द म्हणजे ३० मोकळे शब्द नव्हेत. टंकलेखनात पाच कळांचा एक शब्द धरतात. हे एक वाक्य घ्या, शासकीय पत्रात नेहमी येणारं:

उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की

'उपरोक्त' मध्ये सात कळा: उ, प, र, ो, क, ्, त. 'विषयान्वये' मध्ये दहा, 'आपणास' मध्ये पाच, 'कळविण्यात' मध्ये नऊ, 'येते' मध्ये चार, 'की' मध्ये दोन. एकूण ३७, आणि मधल्या पाच मोकळ्या जागा धरून ४२. डोळ्यांना सहा शब्द दिसतात, हिशेबात ते साडेआठच्या आसपास भरतात. मिनिटाला ३० शब्द म्हणजे १५० कळा, म्हणजे सेकंदाला अडीच. हे वाक्य तुम्ही साधारण १७ सेकंदांत पुरं केलं पाहिजे.

हे कळलं की परीक्षेची भीती बरीच कमी होते, कारण मराठी जोडाक्षरं कळांनी भरलेली असतात. 'महाराष्ट्र' हा एक शब्द दिसतो, पण त्यात दहा कळा आहेत, म्हणजे दोन शब्दांचं श्रेय.

घरी मोजायला महागडं सॉफ्टवेअर नको. अप्पा बळवंत चौकात टंकलेखनाच्या उताऱ्यांची पुस्तकं मिळतात. ती नको असतील तर वर्तमानपत्राचा अग्रलेख किंवा एखादा शासन निर्णय घ्या. एक उतारा निवडून त्याच्या प्रत्येक ओळीतल्या कळा एकदाच हाताने मोजा आणि ओळीच्या शेवटी बेरीज लिहीत जा: ४२, ९१, १३८. दहा मिनिटं गजर लावा. जिथे थांबलात तिथली बेरीज पाचाने आणि मग दहाने भागा. १४२० कळा झाल्या असतील तर वेग २८.४. चुकांची वजावट प्रत्येक परीक्षेत वेगळ्या नियमाने होते, तो नियम जाहिरातीत किंवा परीक्षेच्या सूचनेत वाचा. घरच्या सरावात मी एक साधा दंडक ठेवते: दहा मिनिटांत दहापेक्षा जास्त चुका झाल्या तर त्या दिवशी वेग मोजायचा नाही, फक्त सावकाश लिहायचं. आणि एकच उतारा रोज लिहू नका. चौथ्या दिवसापासून तो पाठ होतो आणि दिसतो तो वेग खोटा असतो.

विरामचिन्हांची अडचण

इनस्क्रिप्टची ही खरी मर्यादा आहे. कीबोर्डवर अक्षरांनीच इतकी जागा घेतली आहे की अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि अवतरणचिन्हं यांच्या नेहमीच्या जागी मराठी अक्षरं येतात. 'विषय :' लिहायचं तर विंडोज आणि स्पेसने इंग्रजीत जायचं, चिन्ह टाकायचं आणि परत यायचं. हा फेरा टाळायला अनेक जण विसर्ग वापरतात आणि 'विषयः' असं लिहितात. छापल्यावर ते जवळपास सारखं दिसतं, पण तो शब्द वेगळा झाला, आणि संगणकात 'विषय :' शोधला तर सापडत नाही. ही सवय सुरुवातीलाच लागू देऊ नका. पत्राचा नमुना लिहिताना संदर्भ, विषय, दिनांक या ओळी वेगळ्या काढून दहा वेळा लिहा, भाषा बदलण्याच्या कळीसकट. ती अदलाबदलही बोटांचीच हालचाल आहे आणि सरावाने ती अर्ध्या सेकंदात होते.

आकडे तुमच्या संगणकावर मराठी उमटतात की इंग्रजी, तेही एकदा बघून ठेवा, आणि पत्र सुरू केल्यापासून शेवटपर्यंत एकच रूप ठेवा.

शेवटचे पंधरा दिवस

घरच्या लॅपटॉपच्या कळा चपट्या आणि हलक्या असतात. परीक्षा केंद्रावर बहुतेक ठिकाणी डेस्कटॉपचा जाड कीबोर्ड असतो, कळा खोल जातात आणि करंगळीला जास्त जोर लागतो. लॅपटॉपवर ३२ चा वेग असलेली मुलगी तिथे २७ वर येते ती यामुळेच. साधा तारेचा कीबोर्ड विकत घ्या किंवा कुणाकडून आणा, लॅपटॉपला जोडा आणि शेवटचे पंधरा दिवस फक्त त्यावरच बसा. संस्थेत ओळख असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या संगणकांवर एकेक उतारा लिहून या.

परीक्षेला बसल्यावर पहिली ओळ सुरू करण्याआधी सरावाच्या जागेत 'अधिकाऱ्यांच्या' हा एक शब्द टाइप करून बघा. शिफ्ट, ऱ, हलन्त, अनुस्वार आणि 'च्या' असं सगळं त्यात आहे. तो बरोबर उमटला तर मांडणी योग्य आहे. ठिपक्यांचं वर्तुळ किंवा भलतीच अक्षरं आली तर वेळ सुरू व्हायच्या आत पर्यवेक्षकांना हात वर करून सांगा.

भाचीने तसंच केलं. तिच्या संगणकावर दुसरी मांडणी लावलेली होती, पर्यवेक्षकांनी दोन मिनिटांत बदलून दिली, आणि मग ती उताऱ्याला बसली.